एका विखंडनाच्या ऊर्जेची वाटणी

११ मार्च २०११ रोजी दुपारी जपानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा फुकुशिमा दाइइची केंद्रातल्या चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. नियंत्रक दांडे काही सेकंदांत गाभ्यात शिरले आणि युरेनियमचे अणू फुटण्याची साखळी तुटली. पाऊण-एक तासाने त्सुनामीचे पाणी आत आले, वीज गेली, पंप थांबले, आणि पुढच्या काही दिवसांत तिन्ही भट्ट्यांतले इंधन वितळले. ही हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे, पण तिच्यात एक कोडे आहे. भट्टी तर बंद होती. चुलीतले लाकूड विझले की आच थांबते. इथे विस्तव विझल्यावर इंधन वितळवण्याइतकी उष्णता आली कुठून?

‘किरणोत्सर्ग चालूच असतो’ हे नेहमीचे उत्तर बरोबर आहे, पण त्याने समाधान होत नाही. बंद भट्टीत पहिल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्केच उष्णता का उरते, साठ टक्के किंवा शतांश टक्का का नाही, आणि ती कोणत्याही बटणाने थांबवता का येत नाही, हे त्यातून कळत नाही. ते कळायला युरेनियमच्या एका अणूचे एकच विखंडन धरून त्याच्या ऊर्जेतला कोणता हिस्सा कोणाकडे, किती आणि केव्हा जातो ते पाहावे लागते. तसे पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. या वाटणीत जवळजवळ सगळे काही विद्युतभारावर ठरते. ऊर्जा जन्मते ती भारामुळे, आणि ती कुठे जाऊन थांबणार हेही ती नेणाऱ्याजवळ भार आहे की नाही यावर ठरते.

वस्तुमान नाहीसे होते म्हणजे काय?

शालेय पुस्तकांत एक वाक्य ठरलेले असते: विखंडनात थोडे वस्तुमान नाहीसे होते आणि E=mc² या सूत्राप्रमाणे त्याची ऊर्जा होते. हे खोटे नाही, पण हा जमाखर्च झाला, घडामोड नव्हे. एखाद्याच्या खात्यातून पैसे कमी झाले एवढे कळल्याने ते कशासाठी खर्च झाले ते कळत नाही. शिवाय या वाक्यामुळे असा समज होतो की अणूतला एखादा कण विरघळून प्रकाश होतो. तसे काहीही होत नाही. एक ठरावीक विखंडन घेऊ. युरेनियम-२३५ च्या अणुकेंद्रात एक मंद न्यूट्रॉन शिरला आणि त्याचे बेरियम-१४१ व क्रिप्टॉन-९२ असे दोन तुकडे झाले, सोबत तीन न्यूट्रॉन सुटले. फुटण्यापूर्वी ९२ प्रोटॉन आणि १४४ न्यूट्रॉन होते. फुटल्यावर बेरियममध्ये ५६ आणि क्रिप्टॉनमध्ये ३६ असे ९२ प्रोटॉन भरतात. ८५, ५६ आणि सुटलेले ३ असे न्यूट्रॉनही १४४ भरतात. एकही कण हरवलेला नाही.

मग ऊर्जा कुठून येते? अणुकेंद्रात दोन बले एकमेकांशी झगडत असतात. प्रोटॉनांवर सारखाच धनभार असल्यामुळे त्यांतला प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या सगळ्या प्रोटॉनांना दूर लोटतो. याउलट त्यांना बांधून ठेवणारे केंद्रीय बल फार जोरकस, पण त्याची पोच अगदी शेजाऱ्यापुरती. लहान केंद्रात हे बल सहज जिंकते. युरेनियममध्ये मात्र एका टोकाचा प्रोटॉन दुसऱ्या टोकाच्या प्रोटॉनला लोटतच असतो, पण बांधणारे बल तितक्या लांब पोचत नाही. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या प्रेसिंग कारखान्यातून निघालेली कापसाची गाठ डोळ्यांसमोर आणावी. कापूस यंत्राने प्रचंड दाबलेला असतो आणि पट्ट्यांनी आवळलेला असतो. पट्ट्या तुटल्या की गाठ उसळून फुगते. ही उसळी पट्ट्यांची नव्हे, दाबलेल्या कापसाची. पट्ट्यांनी ती नुसती धरून ठेवलेली होती. युरेनियममध्ये कापसाच्या जागी प्रोटॉनांचे अपकर्षण आहे आणि पट्ट्यांच्या जागी केंद्रीय बल. हे प्रोटॉन दाबून भरण्याचे काम पृथ्वी जन्मण्यापूर्वी, ताऱ्यांच्या अतिशय हिंस्र घडामोडींत होऊन गेले. विखंडनातून मिळते ती तेव्हाची साठवण.

बाहेरून आलेला न्यूट्रॉन स्वतः जवळजवळ काहीच ऊर्जा आणत नाही. पण केंद्रात बांधला जाताना तो सुमारे ६.५ एमईव्ही ऊर्जा मोकळी करतो, आणि तेवढ्याने सगळे केंद्र थरथरू लागते. (एक व्होल्टच्या फरकातून जाताना इलेक्ट्रॉनला जितकी ऊर्जा मिळते तो एक इलेक्ट्रॉनव्होल्ट; दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एक एमईव्ही. कोळशातला कार्बनचा एक अणू जळतो तेव्हा सुमारे चार इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतात.) थरथरताना केंद्र लांबट होते, मध्ये कंबर पडते, आणि ती पुरेशी बारीक झाली की केंद्रीय बलाची पकड सुटते. त्या क्षणी दोन तुकड्यांच्या मध्यांमध्ये अंतर असते साधारण १८ फर्मी. हजार अब्ज फर्मी जोडले तर एक मिलिमीटर होतो. आता ५६ आणि ३६ प्रोटॉनांचे दोन गोळे इतक्या अंतरावर ठेवले तर विजेच्या अपकर्षणाची ऊर्जा किती, हे महाविद्यालयातल्या कूलोमच्या सूत्राने काढता येते. उत्तर येते सुमारे १६० एमईव्ही. तुकड्यांच्या गतीच्या ऊर्जेची मोजमापे याच पल्ल्यातली आहेत. म्हणजे विखंडनातल्या ऊर्जेचा फार मोठा भाग साध्या विद्युत अपकर्षणाने समजतो.

यावर कोणी विचारील की मग वस्तुमानाच्या हिशेबाचे काय? तोही तंतोतंत जुळतो, कारण साठवलेल्या ऊर्जेलाही वस्तुमान असते. दाबलेले केंद्र त्याच कणांच्या सैल मांडणीपेक्षा थोडे जड असते. दाब मोकळा झाला की तेवढे हलके होते. आपल्या उदाहरणात सगळे तुकडे स्थिर होईपर्यंतचा फरक एका प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या सुमारे पाचव्या भागाइतका येतो आणि तो साधारण २०० एमईव्हीइतका आहे. डिसेंबर १९३८ मध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना बर्लिनमध्ये युरेनियमपासून बेरियम मिळाल्याची बातमी पोचली तेव्हा लिझे माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी स्वीडनमध्ये हेच दोन्ही हिशेब केले. अपकर्षणाचा आकडा २०० च्या घरात आला आणि वस्तुमानाचाही. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा आल्यावर युरेनियमचे केंद्र फुटते यावर विश्वास ठेवणे भागच होते.

तुकड्यांचा वाटा

सुटलेले दोन तुकडे विरुद्ध दिशांना धावतात, आणि सेकंदाच्या इतक्या लहान भागात पूर्ण वेग घेतात की त्यापुढे कोणतेही घड्याळ थिटे पडावे. दोघांचा संवेग सारखा असावा लागतो, म्हणून हलक्याला जास्त वेग आणि ऊर्जेचाही जास्त हिस्सा मिळतो. आपल्या उदाहरणात क्रिप्टॉनकडे सुमारे ९७ आणि बेरियमकडे ६३ एमईव्ही जातात. क्रिप्टॉनचा वेग सेकंदाला सुमारे १४,००० किलोमीटर, बेरियमचा ९,००० हून थोडा जास्त.

एवढा वेग असूनही ते जातात किती लांब? युरेनियम ऑक्साइडच्या इंधनात मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा नाही. इथे भार पुन्हा निर्णायक ठरतो. धावता तुकडा आपले वीसएक इलेक्ट्रॉन मागे सोडून आलेला असतो, म्हणजे वीस प्रोटॉनांइतका धनभार घेऊन तो दाट पदार्थातून जात असतो. वाटेतल्या प्रत्येक अणूच्या इलेक्ट्रॉनांना तो ओढतो, उखडतो, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा गमावतो. शेवटी वेग मंदावल्यावर तो अख्ख्या अणूंनाच धक्के देत थांबतो. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतल्या एखाद-दोन भागांत हा प्रवास संपतो. त्याच्या वाटेवरचे हजारो अणू जोराने हलू लागतात, आणि अणूंचे हे अस्ताव्यस्त हलणे म्हणजेच उष्णता. अणुवीज केंद्रात वाफ करणाऱ्या उष्णतेचा बहुतांश भाग असा इंधनाच्या गोळीतच, फुटलेल्या अणूच्या अगदी जवळ तयार होतो.

हे पहिल्यांदा दाखवून दिले फ्रिश यांनीच. जानेवारी १९३९ मध्ये कोपनहेगनला परतल्यावर त्यांनी वायू भरलेल्या एका कोठडीत युरेनियमचा पातळ थर ठेवला आणि त्यावर न्यूट्रॉन सोडले. युरेनियम एरवीही अल्फा कण सोडत असते, पण त्यांचे विद्युत ठोके लहान असतात. न्यूट्रॉन पडू लागल्यावर अधूनमधून त्यांच्या कितीतरी पट मोठे ठोके उमटू लागले. इतके इलेक्ट्रॉन एका झटक्यात उखडणारे दुसरे काही माहीत नव्हते. थर पातळ ठेवणे हे या प्रयोगाचे मर्म. तो थोडाही जाड असता तर तुकडे युरेनियममध्येच अडकले असते आणि ठोका दिसला नसता.

इथे एक रास्त आक्षेप येतो. तुकड्यांवर इतका भार आहे आणि वेगही आहे, तर त्यांच्यापासून थेट वीज का घेत नाहीत? पाणी उकळायचे, वाफेने टर्बाइन फिरवायचे आणि निम्म्याहून जास्त ऊर्जा समुद्रात सोडायची, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? अडचण त्याच पोचेची आहे. तुकडा बाहेर निघायचा तर इंधन काही मायक्रोमीटर जाडीच्या थरांत पसरावे लागेल. एखाद्या वीज केंद्राला पुरेल इतके युरेनियम तशा थरांत मांडायचे आणि साखळीही चालू ठेवायची, हे व्यवहारात जमलेले नाही. म्हणून सगळ्या अणुवीज केंद्रांत शेवटी उष्णताच वापरावी लागते.

भार नसलेले प्रवासी

तुटण्याच्या क्षणी तुकडे गोल नसतात, ताणलेले असतात. मागाहून गोल होताना त्यांच्यातली ताणाची ऊर्जा आतल्या आत उष्णतेसारखी पसरते, आणि तापलेल्या थेंबावरून वाफ निघावी तसे त्यांतून न्यूट्रॉन निघतात. सरासरी प्रत्येक विखंडनामागे २.४ च्या आसपास न्यूट्रॉन बाहेर पडतात, प्रत्येकाकडे सुमारे २ एमईव्ही. म्हणजे सगळे मिळून पाचच्या जवळपास. उरलेली अस्वस्थता तुकडे गॅमा किरणांवाटे टाकतात; हे सुमारे सात एमईव्ही.

दोनशेतले हे बारा नगण्य वाटतील, पण ते कुठे खर्च होतात ते पाहण्याजोगे आहे. न्यूट्रॉनवर भार नाही, म्हणून इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो सरळ निघून जातो. थेट एखाद्या अणुकेंद्रावर आदळला तरच त्याचा वेग कमी होतो, आणि अणुकेंद्र फार लहान असल्याने अशी टक्कर क्वचित होते. गॅमा किरणांवरही भार नसतो, आणि तेही असेच लांब जातात. त्यामुळे हे दोघे इंधनाची गोळी, तिच्यावरची झिर्कोनियमची नळी, भोवतीचे पाणी असे सगळे ओलांडून सेंटिमीटरांच्या, कधी मीटरभराच्या अंतरावर ऊर्जा ठेवतात.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत याचा पुरावा रोज मोजला जातो. त्या जड पाण्याच्या भट्ट्या आहेत. इंधन ज्या नळ्यांत असते त्यांतून एक जड पाणी वाहते, ते सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि वाफ तयार करते. या नळ्या एका मोठ्या टाकीतून आरपार गेलेल्या असतात, आणि टाकीतही जड पाणी असते, पण वेगळे. त्याचे काम न्यूट्रॉनांना मंद करण्याचे. म्हणून त्याला मंदायक म्हणतात. मधल्या वायूच्या फटीमुळे गरम नळ्यांची आच त्या टाकीपर्यंत फारशी पोचत नाही. तरीही भट्टीच्या एकूण उष्णतेतली सुमारे पाच टक्के उष्णता या थंड टाकीत निर्माण होते, कारण न्यूट्रॉन जड पाण्यातल्या ड्यूटेरियमच्या केंद्रांवर आदळून तिथेच मंदावतात आणि गॅमा किरणही तिथेच शोषले जातात. एका न्यूट्रॉनला पुरते मंद व्हायला अशा पस्तीसेक टकरा लागतात. टाकीतले पाणी कोमट राहते, त्यातून वाफ करता येत नाही, म्हणून ही उष्णता स्वतंत्र यंत्रणेने काढून सोडून द्यावी लागते. विखंडनात ऊर्जेचा एक भाग भारहीन वाहकांकडे जातो याचे याहून ढळढळीत चिन्ह नाही.

न्यूट्रॉनांचा हिशेब इथे संपत नाही. साखळी चालू राहायला दर विखंडनामागे एकच न्यूट्रॉन हवा असतो. उरलेला दीड कुठे जातो? युरेनियम-२३८, नळ्यांचा धातू, नियंत्रक दांडे असे कोणी ना कोणी त्याला गिळते. गिळताना पुन्हा बांधणीची ऊर्जा मोकळी होते आणि गॅमा किरणांवाटे बाहेर येते. भट्टीच्या बांधणीप्रमाणे ही मिळकत दर विखंडनामागे साधारण सहा ते नऊ एमईव्ही असते. ती विखंडनाची स्वतःची नव्हे, तरी भट्टीच्या उष्णतेत ती जमा होते. हा आकडा पुढे कामाला येईल.

> चौकट : सरासरी एका विखंडनाचा हिशेब
> (युरेनियम-२३५, मंद न्यूट्रॉनमुळे, आकडे एमईव्हीमध्ये, जवळपासचे)
>
> तुकड्यांची गती : १६९
> न्यूट्रॉनांची गती : ५
> लगेचचे गॅमा किरण : ७
> मागाहून निघणारे बीटा कण : ६.५
> मागाहून निघणारे गॅमा किरण : ६
> प्रतिन्यूट्रिनो : ९
> एकूण : २०२ ते २०३
>
> युरेनियम चाळीसहून अधिक वेगवेगळ्या जोड्यांत फुटू शकते. वरचा बेरियम-क्रिप्टॉनचा दाखला त्यांतला एक. त्याचे आकडे सरासरीपासून थोडे इकडेतिकडे असतात.

मागाहून मिळणारा हिस्सा

आतापर्यंतचे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या फार आधी संपते. पण तुकडे अजून स्वस्थ नसतात. युरेनियमसारख्या जड केंद्राला टिकून राहायला प्रोटॉनांच्या मानाने बरेच जास्त न्यूट्रॉन लागतात. मध्यम वजनाच्या केंद्राला इतके लागत नाहीत. तुकड्यांना मात्र जड केंद्राचेच प्रमाण वारशाने मिळालेले असते. दोन-तीन न्यूट्रॉन फेकूनही ते जास्तच असतात. उपाय एकच: एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होणे. तसे होताना एक इलेक्ट्रॉन (त्यालाच बीटा कण म्हणतात) आणि एक प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. हे घडवणारे बल विजेचेही नव्हे आणि केंद्रीय बलही नव्हे. ते तिसरे आहे, त्याचे नावच दुर्बल बल. ते इतके कमजोर आहे की त्याच्या कामाला सेकंद, तास, कधी वर्षे लागतात.

आपल्या दोन तुकड्यांचे पाहा. क्रिप्टॉन-९२ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा वेळ, दोन सेकंदांहून कमी. त्याचे रुबिडियम-९२ होते. ते साडेचार सेकंदांत निम्मे होते आणि एकेका बदलात आठ एमईव्हीहून जास्त ऊर्जा सोडते. त्यापासून झालेले स्ट्राँशियम पावणेतीन तासांचे, मग इट्रियम साडेतीन तासांचे, आणि शेवटी झिर्कोनियम-९२, जे कायमचे स्थिर. बेरियमची रांग याहून सुस्त आहे: बेरियम-१४१ अठरा मिनिटांचे, लँथॅनम सुमारे चार तासांचे, सिरियम साडेबत्तीस दिवसांचे, आणि मग स्थिर प्रासिओडिमियम. दोन्ही रांगा मिळून सात बदल, सुमारे २६ एमईव्ही. त्यांतला बराचसा भाग प्रतिन्यूट्रिनो घेऊन जातात. उरलेले बीटा कण आणि गॅमा किरण इंधनात व भोवती थांबतात. बीटा कणावर भार आहे, पण तो हलका आहे, म्हणून तो तुकड्यापेक्षा लांब, साधारण मिलिमीटरभर जातो. तरीही त्याची बहुतेक उष्णता गोळीतच राहते.

आता सुरुवातीचे कोडे सुटते. सरासरीत बीटा साडेसहा आणि मागचे गॅमा सहा, मिळून साडेबारा एमईव्ही. वापरात येणाऱ्या दोनशेच्या हिशेबात हे सहा टक्क्यांहून थोडे जास्त. बराच काळ चालत असलेल्या भट्टीत प्रत्येक क्षणी नव्या विखंडनांची उष्णता असतेच. शिवाय काही सेकंदांपूर्वी, काही तासांपूर्वी, काही दिवसांपूर्वी फुटलेल्या अणूंची ही थकबाकीही वसूल होत असते. दांडे घातल्याने नवी विखंडने थांबतात, थकबाकी थांबत नाही. ती घटते मात्र: एका तासाने दीड टक्क्याच्या आसपास, एका दिवसाने अर्ध्या टक्क्याजवळ, कारण रुबिडियमसारखे चटकन संपणारे आधी संपतात आणि सिरियमसारखे रेंगाळणारे उरतात.

टक्का लहान दिसला तरी तो कशाचा टक्का आहे हे विसरता कामा नये. फुकुशिमाच्या पहिल्या अणुभट्टीची औष्णिक क्षमता १,३८० मेगावॉट होती. त्सुनामी आली त्या सुमारास, म्हणजे बंद होऊन तासाभराने, तिच्या गाभ्यात सुमारे २० मेगावॉट उष्णता तयार होत होती. उकळत्या पाण्याची वाफ करण्यात ती खर्ची पडली तर दर तासाला तीस टनांच्या आसपास पाणी संपते. पंप बंद असताना हे पाणी कोण घालणार? पातळी उतरली, इंधनाच्या नळ्या उघड्या पडल्या, तापलेल्या झिर्कोनियमची वाफेशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन निघाला, आणि १२ मार्चला पहिल्या अणुभट्टीची इमारत त्या हायड्रोजनच्या स्फोटाने उडाली. तो अणुस्फोट नव्हता. त्यामागे होती विखंडनाची सहा टक्क्यांची उशिराची ऊर्जा.

ही थकबाकी लवकर उरकून घेता येणार नाही का, किंवा रोखून धरता? बीटा क्षयावर तापमान, दाब किंवा रसायनांचा अणुभट्टीत उपयोगी पडेल असा कोणताही परिणाम होत नाही. न्यूट्रॉन कमी-जास्त करून साखळी आवरता येते, कारण ती एका अणूकडून दुसऱ्याकडे जाते. रुबिडियमचा अणू मात्र दुसऱ्या कोणाच्या इशाऱ्याची वाट पाहत नाही. म्हणून बंद भट्टीला थंड ठेवणे हाच एक मार्ग उरतो, आणि वीज नसतानाही ते चालावे अशी सोय हवी.

हातातून सुटणारा वाटा

राहिले प्रतिन्यूट्रिनो. दर विखंडनामागे सुमारे सहा, मिळून नऊ एमईव्हीच्या जवळ. त्यांच्यावर भार नाही, आणि केंद्रीय बलही त्यांना धरत नाही. त्यांना फक्त ते दुर्बल बल ओळखते. परिणामी भट्टी, काँक्रीटची भिंत, पृथ्वी, सगळे त्यांना जवळजवळ पारदर्शक आहे. तारापूरच्या ५४० मेगावॉट विजेच्या एका भट्टीतून पूर्ण क्षमतेवर पाऊणशे मेगावॉटच्या आसपास ऊर्जा अशी दर क्षणी आकाशात निघून जाते, आणि तिने वाटेत कोणाचे काही तापत नाही.

जे पकडता येत नाही ते इतके घेऊन जाते हे कशावरून? शंका योग्य आहे, कारण हिशेब जुळवायला अदृश्य कण कल्पणे ही सोपी पळवाट ठरू शकली असती. पण पुरावा आधी उष्णतेतून आला. बीटा कण एकाच पदार्थातून निघूनही वेगवेगळ्या ऊर्जेचे असतात, हे १९१४ पासून माहीत होते. एलिस आणि वूस्टर यांनी १९२७ मध्ये बिस्मथच्या एका किरणोत्सारी प्रकारातून निघणारी उष्णता बंद भांड्यात मोजली. प्रत्येक बदलात कमाल ऊर्जा सुटत असती तर सुमारे १ एमईव्ही मिळायला हवे होते. प्रत्यक्षात मिळाले त्याच्या तिसऱ्या भागाइतके, म्हणजे बीटा कणांच्या सरासरीइतकेच. उरलेली ऊर्जा भांड्यात राहतच नव्हती. वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये ती घेऊन जाणाऱ्या भारहीन कणाची कल्पना मांडली. १९५६ मध्ये राइनेस आणि कोवन यांनी अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर अणुभट्टीशेजारी तो पकडून दाखवला. भट्टीतून इतके प्रचंड प्रतिन्यूट्रिनो निघतात की त्यांतला एखादा क्वचित एखाद्या प्रोटॉनला अडखळतोच, आणि मोठा शोधक ठेवला तर अशा घटना मोजता येतात.

अभियंते मात्र एका विखंडनाची ऊर्जा सरळ २०० एमईव्ही धरतात, जणू प्रतिन्यूट्रिनो नाहीतच. हा निष्काळजीपणा नाही. प्रतिन्यूट्रिनो जे नऊ घेऊन जातात त्याच्या जवळपास तितकेच न्यूट्रॉन गिळले जाताना परत मिळतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. दोन्ही आकडे योगायोगाने जवळ आले आहेत. म्हणून बांधणी वेगळी, न्यूट्रॉन गिळणारे पदार्थ वेगळे, अशी भट्टी असेल तर २०० हा आकडाही थोडा वेगळा घ्यावा लागतो, आणि नेमक्या कामात तो तसा घेतला जातो.

गेल्या काही दशकांत या निसटत्या हिश्शाचा उपयोगही सुचला आहे. प्लुटोनियम-२३९ फुटते तेव्हा युरेनियम-२३५ पेक्षा कमी ऊर्जेचे प्रतिन्यूट्रिनो निघतात आणि शोधकात सुमारे एक तृतीयांशाने कमी टिपले जातात. भट्टी चालत जाते तसे इंधनात प्लुटोनियम वाढते आणि त्याचाही विखंडनातला वाटा वाढतो. त्यामुळे शक्ती तीच असूनही टिपलेल्या प्रतिन्यूट्रिनोंची संख्या हळूहळू घटते. चीनमधल्या दाया बे प्रयोगात हे प्रत्यक्ष दिसले आहे. म्हणजे भिंतीबाहेर बसून, भट्टीला हात न लावता, आत किती शक्ती निर्माण होते आहे आणि कोणते इंधन जळते आहे याचा अंदाज घेता येतो. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीच्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटरवर प्लॅस्टिकच्या चमकणाऱ्या पट्ट्यांचा एक छोटा शोधक याच कामाची चाचणी म्हणून बसवण्यात आला. ‘इस्मरान’ या टनभर वजनाच्या मोठ्या शोधकाचा तो नमुना होता.